सुजलेल्या गालाचा दात काढायचा की थांबायचं?

«गाल सुजलाय, तापही आहे. सूज उतरेपर्यंत दात काढू नये म्हणतात, मग पाच दिवस गोळ्या घेऊन थांबू का?»

थांबू नका. दाताची नस मेली की आत रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक तिथवर पोचतच नाही. पू बाहेर काढणं हाच खरा उपचार. त्यासाठी चीर देतात, रूट कॅनाल उघडतात किंवा दात काढतात, तोही सूज असतानाच. भूल नीट लागायला कधी कधी त्रास होतो. समज बहुधा त्यातूनच आला असावा.

खालच्या अक्कलदाढेचं उदाहरण घ्या. तिची मुळं बरीच खोल असतात, म्हणून पू अनेकदा गालात न येता जबड्याखाली उतरतो. दुखणं मग कमीही होतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण तोंडात दोन बोटं उभी मावेनाशी झाली, थुंकी गिळवेना, जीभ वर उचलली गेली, आवाज घोगरा झाला, तर श्वासाची वाट दबू लागलेली असू शकते. अशा वेळी म्हापशाहून असो वा काणकोणहून, दवाखाना उघडायची वाट न पाहता १०८ ला फोन करून बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा. रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवूनच न्या. बाहेरून शेक तर नकोच.