‘लोस’चा ‘लोह’: वेगात बोललेली स्पॅनिश कानाला का सापडत नाही

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या कुठल्याही घरात सहज विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ. कागदावर तो असा दिसतो: ‘दोन्दे एस्तान लोस सापातोस के ते ए कोम्प्रादो?’ म्हणजे ‘मी तुला घेऊन दिलेले बूट कुठे आहेत?’ आठ शब्द, चौदा अक्षरं; इथे अक्षर म्हणजे उच्चाराचा एक ठोका, म्हणून ‘लोस’ हे एकच अक्षर. कानावर मात्र पडतं ते असं: ‘दोन्देथानलोह्सापातोह्केतेकोम्प्राव?’ अक्षरं उरली अकरा आणि शब्दांच्या मधे एकही फट नाही. शिकणाऱ्याला वाटतं, हा माणूस घाईत आहे किंवा शब्द खातो आहे. पण इथे गळालेला प्रत्येक आवाज नियमाने गळाला आहे, आणि त्यातले काही नियम पाचशे वर्षांहून जुने आहेत.

आधी वेगाचं पाहू. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी 2011 मध्ये सात भाषांचं वाचन मोजलं. स्पॅनिशमध्ये सेकंदाला सरासरी 7.82 अक्षरं आली, इंग्रजीत 6.19. पण स्पॅनिशच्या एका अक्षरात माहिती कमी मावते, त्यामुळे अर्थ पोचण्याचा वेग दोन्हींत फारसा वेगळा निघाला नाही. या गतीने वरचा प्रश्न साधारण दीड सेकंदात संपतो. वेगाची अडचण खरी आहेच, पण ती मुख्य नाही. रेकॉर्डिंग पाऊण गतीवर टाकलं तरी ‘एस्तान’मधला स परत येत नाही, कारण तो उच्चारलेलाच नसतो. संथ केल्याने जुळलेले आवाज सुटे ऐकू येतात, गेलेले आवाज नव्हे.

जुळण्याचा नियम सगळ्यांत जुना आणि सगळीकडचा. एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीलाही स्वर आला की दोन्ही एका अक्षरात बसतात. याला सिनालेफा म्हणतात. आंतोनिओ दे नेब्रिखाने 1492 मध्ये कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, त्यात याची चर्चा आहे, आणि स्पॅनिश कवितेत अक्षरं मोजतानाही ते एकच अक्षर धरतात. ‘दोन्दे एस्तान’मध्ये दोन ए शेजारी आले, त्यांचा एक झाला. ‘ते ए’चंही तेच. मराठीत ‘आलो आहे’चं ‘आलोय’ होतं तेव्हा आपण वेगळं काही करत नाही. फरक इतकाच की आपण ‘आलोय’ तसं लिहूनही टाकतो, स्पॅनिश लिहीत नाही.

व्यंजनाची गोष्ट याच्या जोडीची. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. ‘लोस आमीगोस’ बोलताना ‘लो-सा-मी-गोस’ असं तुटतं, आणि नवखा माणूस शब्दकोशात ‘सामीगो’ शोधत बसतो. शब्दाची हद्द अक्षराच्या हद्दीवर पडत नाही, हे एकदा ध्यानात आलं की अशा निम्म्या भुतांचा उलगडा होतो.

आता स. दक्षिण स्पेनमध्ये, म्हणजे आंदालुसियात, अक्षराच्या शेवटचा स सैल होऊन नुसता श्वास उरतो: लोस, लोह, लो. संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. ‘मनस्’चं ‘मनः’ होतं तेव्हा पदाच्या शेवटचा स असाच श्वासात विरतो. विसर्ग म्हणजे तेच. आंदालुसियातल्या या बदलाच्या सुरुवातीच्या पुराव्यांमध्ये कोलंबसाचा मुलगा एर्नान्दो कोलोन याचा एक लेखी शब्द सांगितला जातो. सेव्हियात मोठं ग्रंथालय उभारणाऱ्या या माणसाने ‘सोफोनिस्बा’ हे नाव ‘सोफोनिफा’ असं लिहिलं. हात चुकला तो कानामुळे: स चा ह झाला आणि तो पुढच्या ब शी मिळून फ झाला. म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे सुरू होतं.

आजच्या सेव्हियात आणखी एक गंमत ऐकू येते. स नंतर त असेल तर तो श्वास त च्या आधी न राहता पुष्कळदा त च्या नंतर येतो, आणि ‘एस्तान’ जवळजवळ ‘एथान’ होतं. इंग्रजीभाषक शिकणाऱ्याला हा फरक टिपणं जड जातं. त आणि थ वेगळे मानणाऱ्या मराठी कानाला इथे आयतीच सोय आहे: अनपेक्षित थ आला की तिथे ‘स्त’ आहे का ते बघायचं.

तिसरा गळणारा आवाज द. दोन स्वरांमधला द स्पॅनिशमध्ये आधीच मऊ असतो, ‘-आदो’मध्ये तो पुरता जातो: ‘कोम्प्रादो’चं ‘कोम्प्राव’. हे आंदालुसियापुरतं नाही, माद्रिदच्या रोजच्या बोलण्यातही सर्रास आहे. ही सवय या भाषेच्या जन्मापासूनची. लॅटिनमधला ‘पेदेम’ स्पॅनिशमध्ये ‘पिए’ झाला, म्हणजे पाय. आणि आपल्याकडे ‘पाद’चा ‘पाय’ झाला. मूळ एकच, आणि गळालेला द देखील तोच.

आंदालुसियाची ही बोली समुद्रापार गेली, त्यामागे एक सरकारी व्यवस्था होती. 1503 मध्ये सेव्हियात ‘कासा दे कोन्त्रातासिओन’ हे कार्यालय निघालं आणि अमेरिकेचा व्यापार त्याच्या ताब्यात आला. 1717 मध्ये ते कादिसला हललं, तेही आंदालुसियातच. सुरुवातीच्या वसाहतकारांत सर्वांत मोठा गट आंदालुसियातलाच होता. गलबतं थांबत ती हवाना, कार्ताखेना, व्हेराक्रूस अशा बंदरांत, आणि आजही कॅरिबियन किनारपट्टीवर स गळतो. मेक्सिको सिटी, बोगोता, कीतो या उंचावरच्या शहरांत तो ठणठणीत आहे. मात्र मेक्सिको सिटीत उलटा प्रकार घडतो: स टिकतो आणि त्याच्या शेजारचा बिनआघाताचा स्वर आक्रसतो, ‘पुएस’चं नुसतं ‘प्स’ होतं. व्हेनेझुएलाचे भाषातज्ज्ञ आंखेल रोसेनब्लात म्हणत की उंच प्रदेश स्वर खातात आणि सखल प्रदेश व्यंजनं खातात. म्हणून हवानाच्या रेकॉर्डिंगवर तयार झालेला कान मेक्सिकोत पुन्हा अडखळतो. सरावाचा प्रदेश ठरवूनच निवडावा असं आमचं ठाम मत आहे.

मग इतकं गळूनही बोलणाऱ्यांचं अडत कसं नाही? बुटांच्या प्रश्नाकडे परत जाऊ. ‘लोह्सापातोह’मधले दोन्ही श्वास हरवले तरी अनेकवचन कळतं, कारण एकवचन असतं तर ‘लो’ नव्हे, ‘एल’ आलं असतं. शिवाय ‘एथान’च्या शेवटचा न अनेकवचनाची साक्ष देतो. स्त्रीलिंगात हा आधार नाही: ‘ला मेसा’ आणि ‘लास मेसास’ यांतले स गेले की शब्द सारखेच उरतात. ग्रानादाच्या बाजूला तिथे स्वर कामाला येतो, अनेकवचनाचा आ अधिक उघडा होतो. तोमास नाव्हार्रो तोमास यांनी 1939 मध्ये यावर लेख लिहिला.

क्रियापदात सगळी भिस्त आघातावर. ‘ते ए’मधला सहायक ‘ए’ पूर्ण बुडाला आहे, त्यामुळे कानाला फक्त ‘ते कोम्प्राव’ मिळतं. जोर ‘प्रा’वर असून पुढे ‘व’ ऐकू आला, तर ते ‘घेतलं आहे’. जोर ‘कोम्’वर असता तर ‘ते कोम्प्रो’, म्हणजे ‘मी तुला घेऊन देतो’. शेवटच्या ‘प्रो’वर असता तर ‘त्याने घेऊन दिलं’. गळती बहुतेक आघात नसलेल्या अक्षरांत होते, आघाताचा स्वर जागा सोडत नाही.

म्हणून सराव आघातापासून करावा. शब्दशः लिखित मजकूर असलेला दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्यावा. चित्रपटांची उपशीर्षकं टाळावीत, ती बहुधा आटोपशीर केलेली असतात आणि कानाला खोटं शिकवतात. मजकूर न पाहता तीनदा ऐकून आधी फक्त जोराची अक्षरं लिहावीत. आपल्या प्रश्नात ती ‘दोन्’, ‘थान’, ‘पा’, ‘प्राव’. मग मधल्या जागा भराव्यात आणि शेवटी मजकुराशी ताडून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं: स्वर जुळले, स गेला, द गेला, की शब्दच माहीत नव्हता. चौथं कारण वारंवार येत असेल तर अडचण कानाची नाही, शब्दसंग्रहाची आहे, आणि तो तुकडा सध्या बाजूला ठेवावा.