कोणत्याच धुराड्यातून न निघालेले धुरके

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळेपिवळे धुके बसून राहिले आणि सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. त्यावर आलेल्या १९५६ च्या ब्रिटिश कायद्याने धूर किती काळा आहे ते मोजायचे ठरवले. त्यासाठी रिंगेलमान तक्त्यावरच्या करड्या छटांशी धुराड्याचा धूर ताडून बघत. घराघरांतला कोळसा कमी झाला, काजळी घटली. पण त्या धुक्यात घसा जाळणारे जे आम्ल होते, ते कोणत्याच धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडले नव्हते. कोळशातल्या गंधकापासून निघालेला सल्फर डायऑक्साइड धुक्याच्या थेंबांत विरघळला आणि तिथे त्याचे आम्ल झाले. वायू म्हणून बाहेर पडून हवेतच कण बनणाऱ्या अशा द्रव्याला दुय्यम कण म्हणतात. छटांच्या तक्त्यावर ते दिसणे शक्यच नव्हते.

वायूवर तेव्हा उपाय सापडला तो उंच धुराड्यांचा. जवळच्या वस्तीत वायूचे प्रमाण उतरले, पण वायू नाहीसा झाला नाही. १९६७ मध्ये स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी दाखवून दिले की स्कँडिनेव्हियातल्या पावसाला आम्लता येते ती ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या गंधकामुळे. वायू जितका जास्त वेळ हवेत राहतो, तितका त्याला कण बनायला अवधी मिळतो. आपल्याकडेही ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या औष्णिक संचांना २७५ मीटर धुराड्याचा नियम दीर्घकाळ होता. राख पकडणारी स्थिरविद्युत यंत्रे धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसेनासा करतात, पण सल्फर डायऑक्साइड हा वायू असल्यामुळे तो त्यांतून सरळ निघून जातो.

किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे आठ हजार टन कोळसा खातो. त्यात ०.४ टक्के गंधक धरले तर ३२ टन गंधक, म्हणजे ६४ टन सल्फर डायऑक्साइड. हा सगळा वायू अमोनियम सल्फेट या क्षाराचे कण झाला तर वजन १३२ टन भरते, कारण वाटेत हवेतला ऑक्सिजन, पाणी आणि अमोनिया त्यात जोडले जातात. प्रत्यक्षात काही वायू जमिनीवर व पानांवर बसून जातो, म्हणून हा आकडा कमाल मर्यादेचा समजावा.

वायूच्या मापदंडावरून हवा ठीक आहे असे ठरवणे फसवे का, ते याच गुणोत्तरातून कळते. भारतात सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे, आणि २००९ पासून पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांची, ६०. एखाद्या ठिकाणी वायू फक्त २० असेल तर तो मर्यादेच्या पावपट आहे. तोच पूर्ण कणांत बदलला तर ४१ मायक्रोग्रॅम होतो, म्हणजे कणांची दोन तृतीयांश मर्यादा एवढ्यानेच भरते. डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांना गंधकाचे नियम लागू झाले, मुदती वारंवार पुढे गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. हवेतल्या वायूचे प्रमाण मर्यादेत आहे, हा सुटीच्या बाजूचा एक मोठा युक्तिवाद होता. आमच्या मते तो चुकीच्या ठिकाणी मोजतो.

कणाचा दुसरा घटक, अमोनिया, मुख्यतः शेतातून येतो. पंजाबपासून बिहारपर्यंतचा गंगेचा मैदानी पट्टा उपग्रहाच्या नकाशांवर जगातल्या सर्वांत ठळक अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक दिसतो. गुरांचे शेण-मूत्र आणि युरिया ही त्याची मुख्य कारणे. गव्हाला पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या सुमारास, युरिया फोकून देतात. ते मातीत न मिसळता ओल्या, अल्कधर्मी जमिनीच्या पृष्ठावर राहिले तर युरिएज विकर त्याचा अमोनिया करते आणि तो उडून जातो. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नायट्रोजन असतो. त्यातला पाचवा भाग उडाला असे मानले तर पाच किलो अमोनिया झाला. सल्फेटच्या वाट्याला जाऊन उरलेला अमोनिया वाहने, वीजकेंद्रे आणि भट्ट्यांतल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनलेल्या नायट्रिक आम्लाशी जुळतो. त्यातून अमोनियम नायट्रेट होते. एक किलो अमोनियामागे ४.७ किलो.

हिवाळ्याशी याचे नाते तापमानातून जुळते. अमोनियम सल्फेट एकदा बनले की टिकते, पण अमोनियम नायट्रेट उष्णतेने पुन्हा दोन वायूंत विरते. कोरड्या हवेत ते टिकायला अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांच्या अब्जांशांतल्या प्रमाणांचा गुणाकार एका मर्यादेपेक्षा जास्त लागतो. ही मर्यादा ३५ अंशांना सुमारे ३५०, २५ अंशांना सुमारे ३० आणि १० अंशांना अवघी ०.६ असते. अमोनिया २० अब्जांश धरा. उन्हाळी दुपारी कण धरायला आम्लही १७ अब्जांशांहून जास्त लागेल, जानेवारीच्या पहाटे ०.०३ पुरते. म्हणून मे महिन्यात वायूच राहणारे द्रव्य जानेवारीत कण होऊन बसते.

हिवाळ्यात ऊन मंद असते, मग आम्ल येते कुठून? नायट्रेटचे बरेच काम रात्री होते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांतून डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनते. ते उन्हात टिकत नाही, पण अंधारात ओल्या कणांवर बसून नायट्रिक आम्ल होते. जमिनीलगत वाहनांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे हे बहुधा वरच्या थरात घडते आणि सकाळी हवा ढवळली की खाली उतरते. गंधकाचे रूपांतर उन्हात संथपणे होते, धुक्याच्या थेंबात मात्र झपाट्याने. थेंब आम्लधर्मी झाला की ओझोनकडून होणारी ही क्रिया मंदावते. अमोनिया ती आम्लता मारत राहतो, म्हणून ती चालू राहते.

आता धुरके दाट का होते ते पाहू. हे क्षार पाणी ओढतात. २५ अंशांना अमोनियम नायट्रेट सुमारे ६२ टक्के आर्द्रतेला विरघळते, सल्फेट ८० टक्क्यांना. आर्द्रता नव्वदीत गेली की कणाचा व्यास साधारण १.७ पट, म्हणजे आकारमान पाचपट होऊ शकते. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे झालेले असे कण प्रकाश सर्वांत जास्त विखुरतात. त्यातच थंडीत जमिनीलगतची हवा वर जात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा जो प्रयोग चालवला, त्यात क्लोराइडचेही प्रमाण मोठे आढळले. तेही अमोनियाशी जुळून पाणी धरते.

या सगळ्यात मोजणीही फसते. कणांचे स्वयंचलित यंत्र आत येणारी हवा गरम करून सुकवते, म्हणून पहाटे दृश्यता निम्मी झाली तरी आकडा फारसा हलत नाही. वर त्याच उष्णतेने थोडे नायट्रेटही उडते. टेफ्लॉनच्या गाळणीवर घेतलेल्या नमुन्यातून दुपारी ऊन चढताना नायट्रेट निसटते. ते पकडायचे तर आधी वायू शोषणारी नळी आणि मागे नायलॉनची दुसरी गाळणी लावावी लागते. मागच्या गाळणीवर नायट्रेट भरपूर सापडले तर पुढच्या गाळणीचा आकडा तेवढा कमी आलेला आहे असे समजावे.

चीनने २०१३ नंतर सल्फर डायऑक्साइड झपाट्याने उतरवला आणि सल्फेट खाली आले. पण मोकळा झालेला अमोनिया नायट्रेटच्या वाट्याला आला, आणि बीजिंगच्या हिवाळी कणांत नायट्रेटचा वाटा वर चढला. गंगेच्या मैदानात अमोनिया इतका शिलकी आहे की तो तिसऱ्या हिश्शाने घटवला तरी नायट्रेट थोडेच हलेल. इथे नायट्रेटला रोखणारी मर्यादा आम्लाची आहे, म्हणून आधी नायट्रोजन ऑक्साइड उतरावे लागतात.