नदीची पातळी, ०.९९ चा गुणांक आणि एक साधी वजाबाकी

जोराचा पाऊस झाला, आजव्याच्या तलावातून पाणी सुटलं, की बडोद्यात घरोघरी एकच विचारणा सुरू होते : काला घोडाला किती झालं? तिथल्या पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी फुटांत मोजतात. २६ फूट ही धोक्याची खूण. सयाजीगंज, फतेगंज, समा इकडची माणसं खालचं सामान माडीवर कधी न्यायचं ते या आकड्यावरून ठरवतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी या खुणेच्या कितीतरी वर गेलं होतं.

अशा नदीची पातळी तासभर आधी सांगणारं मॉडेल केल्याचा एक शोधनिबंध आपल्यापुढे आला आहे असं धरू. निबंध काल्पनिक आहे, पण त्यातल्या खोडी खऱ्या निबंधांत वारंवार दिसतात. सारांशातच लिहिलं आहे : नॅश-सटक्लिफ गुणांक ०.९९. १ म्हणजे पैकीच्या पैकी, तेव्हा हे फारच भारी वाटतं.

हा गुणांक नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये मांडला. तो मॉडेलच्या चुकांची तुलना एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याशी करतो, आणि तो प्रतिस्पर्धी दर वेळी एकच उत्तर देतो : संपूर्ण काळाची सरासरी पातळी. नदी कोरडी असो वा फुगलेली, त्याचं उत्तर तेच. आता दुसरा एक प्रतिस्पर्धी घ्या, जो फक्त म्हणतो, "आत्ता आहे तेवढंच पाणी तासाभराने असेल." पावसाळाभर पातळी सरासरीच्या आसपास साधारण ४ फुटांनी वरखाली होते आणि तासाभरात साधारण ०.४ फूट बदलते असं समजा. दोन्ही आकडे फरकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून आणि तिचं वर्गमूळ घेऊन मिळालेले आहेत असंही धरा. मग या आळशी अंदाजाचा गुणांक १ − (०.४² ÷ ४²), म्हणजे ०.९९ येतो. काहीही न शिकता!

म्हणून तासाभराच्या अंदाजासाठी नुसता ०.९९ वाचून काहीच कळत नाही. किटानिडिस आणि ब्रास यांनी १९८० मध्येच यावर उपाय वापरला होता : सूत्र तेच, पण सरासरीच्या जागी शेवटची मोजलेली पातळी. या मोजपट्टीवर आळशी अंदाजाला बरोबर शून्य मिळतं, आणि त्याच्यावर मॉडेलने जे काही मिळवलं असेल तेवढीच त्याची कमाई. हा आकडा निबंधात नसेल, तर आलेख मोठा करून पाहावा. पूर्ण मोसमाच्या आलेखात खरी आणि वर्तवलेली रेघ एकमेकींवर चिकटलेल्या दिसतातच. एकाच पुराचे दोन दिवस ताणून पाहिले, की पुष्कळदा दिसतं की वर्तवलेली रेघ म्हणजे खरीच रेघ, तासभर उजवीकडे सरकलेली.

समजा आपल्या लेखकांनी ही तुलना केली आहे आणि आळशी अंदाजापेक्षा आपली चूक ३५ टक्क्यांनी कमी असल्याचं दाखवलं आहे. तरी घाई नको. पूर चढतानाचे सात तास कागदावर घेऊ : १८.०, १८.४, १९.०, १९.८, २०.४, २०.६, २०.५ फूट. पहिल्या दोन नोंदी हाताशी धरून पुढच्या पाच तासांचा अंदाज करायचा. आळशी अंदाजाच्या चुका ०.६, ०.८, ०.६, ०.२ आणि ०.१, सरासरी ०.४६ फूट. मॉडेलची चूक त्याहून ३५ टक्के कमी, म्हणजे ०.३० फूट. आता तिसरा अंदाज असा : गेल्या तासात जेवढं चढलं तेवढंच पुढच्या तासात चढेल. एक वजाबाकी, एक बेरीज. त्याच्या चुका ०.२, ०.२, ०.२, ०.४ आणि ०.३, सरासरी ०.२६. पाटीवर होणाऱ्या हिशेबाने मॉडेलला मागे टाकलं. लेखकांनी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त समोरचा गडी दुबळा निवडला होता.

सहा तासांच्या अंदाजात हाच वजाबाकीचा हिशेब मात्र हास्यास्पद ठरतो. तासाला ०.८ फूट हा वेग सहा तास तसाच ओढला, तर ४.८ फूट चढ येईल, आणि पूर प्रत्यक्षात तेव्हा ओसरतही असेल. तिथे योग्य प्रतिस्पर्धी म्हणजे गेल्या काही तासांची पातळी, पाऊस आणि आजव्याहून सोडलेलं पाणी घेऊन बसवलेलं साधं रेषीय समीकरण. इथे निबंधातलं एक कोष्टक नीट पाहायचं : कुणाला कोणती माहिती दिली? लेखकांचं मॉडेल न्यूरल नेटवर्क असेल आणि त्याला पाऊस आणि आजवा दोन्ही मिळाले आणि समीकरणाला फक्त पातळी, तर जिंकला तो पाऊस. ही गोष्ट नद्यांपुरती नाही. २०२३ मध्ये झेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की परकीय चलनाच्या दरांच्या एका नेहमीच्या चाचणीत शेवटचाच दर पुन्हा सांगणारी पद्धत तेव्हाच्या नावाजलेल्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलांपेक्षा सरस ठरते.

आता दुसरी बाजू : चाचणीची नोंद मॉडेलने खरंच आधी पाहिली नव्हती ना? "७० टक्के नोंदी शिकवायला, ३० टक्के तपासायला" एवढंच लिहिलं असेल तर त्या कशा वाटल्या ते शोधावं. चिठ्ठ्या टाकून वाटल्या असतील, तर दुपारी तीनची आणि पाचची पातळी शिकवण्यात आणि चारची चाचणीत, असं होतं. दोन्ही बाजू ठाऊक असताना मधलं सांगण्याला भाकीत म्हणत नाहीत. वाटणी तारखेनेच हवी : आधीचे पावसाळे शिकायला, नंतरचे तपासायला.

तारखेने वाटणी करूनही भविष्य आत शिरतं, आणि ही वाट पकडायला अवघड आहे. बऱ्याच निबंधांत नोंदींची मालिका आधी वेव्हलेट नावाच्या गणिती पद्धतीने हळू आणि जलद चढउतारांत फोडतात आणि मग प्रत्येक तुकडा मॉडेलला देतात. फोडताना एखाद्या तासाचा तुकडा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही तासांवरून निघू शकतो. संपूर्ण मालिका एकदम फोडून नंतर वाटणी केली, तर चारच्या तुकड्यात पाच-सहाचं पाणी मिसळलेलं असतं. जलविज्ञानातल्या अशा निबंधांवर क्विल्टी आणि अदामोव्स्की यांनी २०१८ मध्ये सविस्तर बोट ठेवलं आहे. ओळखायचं कसं? पद्धतीच्या प्रवाहचित्रात फोडण्याची चौकट वाटणीच्या चौकटीच्या आधी आहे का ते बघा. दुसरी खूण आकड्यांत सापडते. अंदाज जितका दूरचा तितकी चूक वाढायला हवी; सहा तासांची चूक एका तासाच्या चुकीइतकीच असेल, तर मला कौतुकाऐवजी शंका येते. कोड उपलब्ध असेल तर मालिका दुपारी चारला कापा आणि पुन्हा फोडा. चारचा तुकडा बदलला, तर निबंधातलं मॉडेल प्रत्यक्षात चालवता येणार नाही, कारण ते ज्या आकड्यावर उभं आहे तो चार वाजता कुणाकडेच नसतो.

पावसाचंही तसंच आहे. सहा तासांपुढची पातळी सांगताना त्या सहा तासांत प्रत्यक्ष पडलेला पाऊस वापरला असेल, तर ते उघड लिहायला हवं. खऱ्या वेळी हाती असतो तो फक्त पावसाचा अंदाज, आणि त्याची चूक पातळीच्या चुकीत मिसळणारच.

शेवटी चाचणीचं वर्ष कोणतं ते पाहावं. तपासणीच्या मोसमात नदी १५ फुटांच्या वर गेलीच नसेल, तर आधीच्या सगळ्या कसोट्यांत उतरलेलं मॉडेलही २६ फुटांजवळ कसं वागेल ते त्या निबंधातून कळत नाही. एकापेक्षा जास्त मोसम एकेक करून बाजूला ठेवून तपासलं असेल, आणि २० फुटांवरच्या तासांची चूक वेगळी दिली असेल, तर तो निबंध पालिकेच्या पूर नियंत्रण कक्षात दाखवण्यासारखा आहे.