सोन्याच्या बिलातले दोन कॅरेट

बेळगावात शहापूरच्या सराफाशी बोलणं मराठीत होतं, पण हातात पडणारं बिल बहुधा इंग्रजी असतं. त्यावर 'केटी' आणि 'सीटी' असे दोन रकाने असतात आणि आपण दोन्हींना कॅरेटच म्हणतो. केटी म्हणजे सोन्याची शुद्धता, सीटी म्हणजे खड्याचं वजन. दोन्हींचं मूळ कॅरोब नावाच्या झाडाच्या बीत आहे. आपल्याकडे गुंज, तसं भूमध्य समुद्राकाठी हे बी तराजूत टाकत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं सोन्याचं नाणं अशा 24 वजनांचं होतं, म्हणून चोख सोनं 24 कॅरेट ठरलं. 22 भाग सोनं आणि दोन भाग तांबं-चांदी झाली की 22 कॅरेट, म्हणजे हजारात 916. खड्याचा कॅरेट मात्र वजनच राहिला. तो आज 200 मिलिग्रॅम धरतात.

पूर्वी शुद्धता सराफाच्या शब्दावर चाले. सांध्यांना लावलेलं डाख हलकं असलं, की मोडीच्या वेळी डाग आटवल्यावर घट निघे आणि तेव्हा खरं कळे. त्यात 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी घातली. ती काही वर्षांत उठली, पण आजीच्या कपाटातला त्या काळचा डाग नुसत्या रंगावरून 22 कॅरेटचा धरू नये.

हॉलमार्क 2000 साली ऐच्छिक आला आणि जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. एप्रिल 2023 पासून विकायच्या 22 कॅरेटच्या दागिन्यावर त्रिकोणी खूण, 22K916 आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून शुद्धता नि दागिन्याचा प्रकार पडताळावा.

हॉलमार्कने मजुरी मात्र ठरत नाही, आणि सीमाभागात फसगत होते ती इथेच. दक्षिणेकडच्या शोरूममध्ये घट आणि घडणावळ 'व्हीए' नावाखाली एकाच टक्क्यात असते. जुने सराफ दोन्ही वेगवेगळी लावतात.

समजा, पेंडंटचं एकूण वजन 10.40 ग्रॅम आहे. त्यात 2 कॅरेटचे खडे, म्हणजे 0.40 ग्रॅम. निव्वळ सोनं 10 ग्रॅम. 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 9,000 धरला तर सोन्याचे 90,000 होतात. एकूण वजनावर दर लावला, तर खड्यांसाठी 3,600 रुपये सोन्याच्या भावाने जातात, आणि खड्यांची किंमत पुन्हा वेगळी. आता शोरूमची 12 टक्के व्हीए 10,800 होते. शेजारचा सराफ ग्रॅमला फक्त 700 मजुरी सांगतो, म्हणजे 7,000. पण वर 5 टक्के घट धरतो, तिचे 4,500. दोन्ही मिळून 11,500. कमी वाटलेली मजुरी 700 रुपयांनी महाग पडली. दोन्हीकडे या बेरजेवर 3 टक्के जीएसटी चढतो, म्हणून तो धरण्याआधीच घट नि मजुरीची एकत्र रक्कम विचारून घ्यावी.