फोडणीनं चटणी टिकत नाही

शनिवारी रात्री इडलीचं पीठ ओट्यावर झाकून ठेवतो ते आंबावं म्हणूनच. त्याच ओट्यावर संध्याकाळची उरलेली ओल्या खोबऱ्याची चटणी राहिली, तर सकाळी पीठ फुगून छान झालेलं असतं आणि चटणी टाकून द्यावी लागते. दोन्हीकडे रात्रभर जीवाणूच काम करत होते. इतकंच नव्हे, इडलीच्या पिठात हमखास सापडणारा ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू खवलेल्या ओल्या खोबऱ्यातही मजेत वाढतो. फरक असा, की पीठ आपण नंतर उकडतो. चटणी मात्र आहे तशी पानात येते.

न फोडलेल्या चांगल्या नारळाच्या आतलं खोबरं जवळजवळ निर्जंतुक असतं. नारळ फुटला की करवंटीवरची धूळ, खवणीचे दाते, आपले हात आणि मिक्सरच्या पात्याखालच्या फटीत राहून गेलेला कालचा अंश, सगळ्यांची त्याच्याशी गाठ पडते. कोथिंबीर आणि आलं आपल्यासोबत मातीतले जीवाणू आणतात, पाण्यातून धुतलं तरी सगळे जात नाहीत. मग हे सगळं आपण बारीक वाटतो. वाटण्यात खोबऱ्याच्या पेशी फुटतात, आतली साखर, प्रथिनं आणि पाणी बाहेर येतं आणि जे जीवाणू वरवर बसले होते ते कणाकणात कालवले जातात. खोबऱ्याचा तुकडा वरून खराब व्हायला लागतो. चटणी एकदम सगळीकडून.

आता फोडणी. तडतडती मोहरी, कढीपत्ता, हिंग वरून ओतला की चुर्र आवाज येतो आणि चटणी 'शिजली' असं वाटतं. हिशोब करून बघू. चार जणांपुरती चटणी धरा 300 ग्रॅम, फोडणीचं तेल दोन मोठे चमचे म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास, तापलेलं 180 अंशांपर्यंत. तेलात मावणारी उष्णता पाण्याच्या जेमतेम निम्मी असते, आणि चटणी तर बहुतांश पाणीच. हे तेल सगळ्या चटणीत कालवलं तर तिचं तापमान फार तर सहा-सात अंशांनी वाढेल, म्हणजे 28 वरून 35 वर. जीवाणू मारायला 70 अंशांच्या वर जावं लागतं. 35 अंश हे त्यांच्या वाढीला अगदी सोयीचं तापमान. मोहरीच्या झणझणीत द्रव्यात जीवाणू रोखण्याची ताकद असते खरी, पण ते द्रव्य मोहरी कच्ची वाटली की तयार होतं. उकळत्या तेलात ते बनवणारं विकरच निकामी होतं. फोडणी चवीसाठी उत्तम, टिकण्यासाठी बिनकामाची.

खोबऱ्यात लॉरिक आम्ल असतं, ते जंतू मारतं, म्हणून चटणी टिकायला हवी, असंही कुणी सांगतं. खोबऱ्याच्या स्निग्धांशात लॉरिक आम्ल भरपूर असतं हे खरं. पण ते मोकळं नसतं, तेलाच्या रेणूत बांधलेलं असतं, आणि बांधलेलं असताना ते जीवाणूंना फारसं त्रास देत नाही. सूक्ष्मजीवांची विकरं ते तोडून मोकळं करतात तेव्हा आपल्याला कळतं ते चवीतून: खराब खोबऱ्याला साबणासारखी चव येते ती यामुळेच.

रात्रीत नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहिलं की नीट उमगतं. समजा, रात्री 9 वाजता चटणीच्या एका ग्रॅममध्ये 10 हजार जीवाणू आहेत (घरच्या ताज्या चटणीसाठी हा फार मोठा अंदाज नाही). स्वयंपाकघरात 30 अंश आहे. नव्या ठिकाणी रुळायला त्यांना दोन तास लागले आणि मग दर 40 मिनिटांनी संख्या दुप्पट होत गेली, असं धरू. पहाटे 3 ला ते साडेसहा लाखांच्या जवळ असतील. चाखून बघाल तर अजून काहीच कळणार नाही. 6 वाजायच्या थोडं आधी ते एक कोटीवर जातात, आणि साधारण इथपासूनच आंबट वास, बारीक बुडबुडे, चमचा उचलला की सुटणारी तार ही लक्षणं दिसू लागतात. ही तार ल्युकोनोस्टॉकची करामत. खोबऱ्यातल्या साखरेपासून तो चिकट डेक्स्ट्रान बनवतो. सकाळी 7 ला आकडा चार कोटींवर गेलेला असतो. फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर हीच दुप्पट व्हायला कितीतरी तास लागतात, म्हणून तिथे चटणी एखाद-दोन दिवस धड राहते.

मग शेजारच्या बरणीतल्या लिंबाच्या लोणच्याला काहीच कसं होत नाही? त्यात मीठ आणि आंबटपणा दोन्ही जबरदस्त. 300 ग्रॅम चटणीत आपण एक छोटा चमचा मीठ घालतो, ते दीड टक्क्याच्या आसपास बसतं. एवढ्यानं जीवाणू बिचकत नाहीत. सांबारही रात्रभर बाहेर ठेवू नयेच, पण ते उकळलेलं असतं, चिंचेमुळे आंबट असतं, म्हणून त्याची सुरुवातच खूप कमी जीवाणूंनी होते. सगळ्यात बोलकी तुलना मात्र लसणाच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीशी. तेच खोबरं, तीच साखर, तेच तेल. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास पाणी असतं, सुक्यात सहा-सात टक्के. जीवाणूंना वापरायला मोकळं पाणीच नाही, त्यामुळे ती बाहेर महिनाभर सहज राहते. ओला चमचा घातला, की तिलाही बुरशी धरते.

वास आणि तार दिसली म्हणजे निकाल लागला, पण वास नाही म्हणजे सुरक्षित, असं मात्र नाही. हातावरून, विशेषतः बोटावरच्या चिरेतून, आलेला स्टॅफिलोकॉकस चव न बिघडवता विष सोडू शकतो, आणि ते विष उकळलं तरी जात नाही. म्हणून रात्रभर राहिलेली चटणी सकाळी गरम करून वापरणं हा उपाय नव्हे. चवीपुरतं लिंबू पिळल्यानं थोडा उशीर होतो, पण जीवाणू थांबतील इतका आंबटपणा आणायचा, तर चटणी तोंडात घालवणार नाही. दही घातलेल्या चटणीत तर दह्यातले जीवाणू आधीच हजर असतात, ती लवकर आंबते.

एप्रिल-मेमध्ये, 32 अंशांच्या वर, तासाभरात चटणी फ्रिजमध्ये जावी. एरवी दोन तास. उरणार असं दिसलं, तर वाटण फोडणी न घालता उथळ डब्यात काढून ठेवा, लवकर गार होतं, आणि लागेल तेवढंच बाहेर काढून त्यावर ताजी फोडणी द्या. फ्रिजमधून काढल्यावर ती घट्ट, कणीदार दिसली तर बिघडली असं समजू नका: खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, एवढंच ते कारण. थोडा वेळ बाहेर ठेवली, की पुन्हा सैल होते.