सहीची लिमिट वेगळी, कामाची फारकत वेगळी

सप्लायरची बिलं तुमच्याकडे कशी पास होतात असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं: "पन्नास हजारांच्या वर साहेबांची सही लागते ना!" ही झाली खर्चाची लिमिट. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरंच काही हवं असतं: ज्याने काम मागवलं, त्यानेच ते झाल्याचं लिहून दिलं आणि बिलही त्यानेच पास केलं, असं तर होत नाही ना? ही कामाची फारकत. लिमिट बिलाचा आकडा बघते. फारकत त्या बिलावर कोणाकोणाचे हात लागले ते बघते.

मी अकाउंट्समध्ये असताना एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. शेड रंगवायची होती. मजुरी आणि माल धरून १,२०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००. मेंटेनन्स इंजिनिअरची लिमिट होती ५०,०००, त्याच्या वरचं बिल प्लांट मॅनेजरकडे जायचं. प्रत्यक्षात आमच्या टेबलावर तीन बिलं आली, प्रत्येकी ४७,२०० ची. तारीख एकच, बिल नंबर ४१, ४२ आणि ४३. तिन्हींवर इंजिनिअरची सही. सिस्टीमला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण ती एका वेळी एकच बिल बघत होती.

तुकडे पाडणं ही लिमिटची जुनी दुखरी नस. टीडीएसच्या नियमाने ती ओळखलेली आहे: कंत्राटदाराच्या एका बिलाला ३०,००० ची मर्यादा आहे, पण वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली तरी कपात करावीच लागते. मंजुरीची लिमिटही अशीच बेरजेवर हवी. खरं तर ती बिलापेक्षा पीओवर, म्हणजे काम मागवतानाच्या ऑर्डरवर लावलेली बरी. बिल येईपर्यंत भिंतीला रंग लागलेला असतो, मग साहेब "नाही" म्हणून काय करणार? आणि लिमिट जीएसटीसकट की जीएसटीशिवाय, हे एकदाच लिहून टाकावं, नाहीतर प्रत्येक जण सोयीचा अर्थ काढतो.

जुनी बिलं तपासायची असतील तर एक्सेल पुरे. B मध्ये सप्लायर, C मध्ये तारीख आणि D मध्ये रक्कम असेल, तर त्या दिवसासकट मागच्या सात दिवसांची बेरीज अशी निघते:

```
=SUMIFS(D:D,B:B,B2,C:C,">="&C2-6,C:C,"<="&C2)
```

बेरीज लिमिटच्या वर आणि प्रत्येक बिल मात्र लिमिटच्या जरासं खाली, अशा ओळी आधी बघायच्या. तुकडे पाडलेलेच असतील असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

आता समजा बिल एकच आलं असतं आणि प्लांट मॅनेजरकडे गेलं असतं. त्यांनी काय पाहिलं असतं? "काम समाधानकारक" हा इंजिनिअरचा शेरा. रंगाचे दोन हात ठरले होते आणि एकच मारला, हे त्यांना केबिनमध्ये बसून कळणार नव्हतं. सही मोठ्या माणसाची झाली असती, पण काम मागवणारा आणि काम झाल्याचं सांगणारा माणूस एकच राहिला असता. म्हणजे लिमिट पाळली गेली, फारकत नाही. मालाच्या बाबतीत माल आत आल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, स्टोअर करतं, म्हणून पीओ, जीआरएन आणि बिल जुळवण्याला अर्थ असतो. मजुरीच्या बिलांना जीआरएन नसतो, तिथे काम मोजणारा दुसरा माणूस मुद्दाम नेमावा लागतो.

उलटही होतं. मागवणारा, मोजणारा, पास करणारा असे तिघे वेगळे, पण तिघांपैकी कोणालाच लिमिट नाही. काम खरं, माप बरोबर, आणि तरीही खर्च एवढा की मालकांनी कधी होकारच दिला नसता.

फारकतीलाही मर्यादा आहेत. तिघांचं संगनमत झालं तर ती काही करू शकत नाही. आणि दोन माणसांच्या ऑफिसात चार कामं वेगळी कुठून करणार? तिथे निदान सप्लायरचा बँक खाते नंबर बदलणारा आणि पेमेंट सोडणारा हे दोघे तरी वेगळे ठेवावेत, आणि बँक स्टेटमेंट मालकाने थेट बँकेकडून घेऊन स्वतः बघावं. नेटबँकिंगमध्ये पेमेंट चढवणारा मेकर आणि ते मंजूर करणारा चेकर असे दोन लॉगिन असतात खरे, पण चेकरचा मोबाइल ओटीपीसाठी मेकरच्याच टेबलावर पडलेला असेल तर ती दोन नावं फक्त स्क्रीनवर.

दोन्ही गोष्टी एकदम मोडतात त्या साहेबांच्या सुट्टीत. आठ दिवस गावी जाताना ते आपली मंजुरी सिस्टीममध्ये हाताखालच्या माणसाला देऊन जातात. त्याची लिमिट अचानक वाढते, आणि जी बिलं त्याने स्वतः चढवली तीच त्याच्याकडे मंजुरीला येतात. म्हणून बदली मंजुरी बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाकडेच द्यायची, परतायची तारीख टाकूनच द्यायची, आणि बिल चढवणाऱ्याला तेच बिल पास करता येणार नाही ही अट बदलीच्या काळातही चालू राहते का, हे एक खोटं बिल चढवून आधीच बघून ठेवायचं.