पडद्यावरच्या रेघेतून शेताचे गुंठे

उपग्रह नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ असते, तिच्यावर ‘५० मी.’ असं काहीतरी लिहिलेलं. शेताचं क्षेत्रफळ काढायला ही रेघ आणि मोजपट्टी पुरते. नकाशा तिरका न ठेवता थेट वरून दिसेल असा ठेवावा आणि शेत व रेघ एकाच स्क्रीनशॉटमध्ये घ्यावेत. झूम बदलला की रेघेचा अर्थही बदलतो. नंतर चित्र लहानमोठं केलं तरी चालतं, कारण रेघही त्याच प्रमाणात बदलते. फक्त ते एकाच बाजूने ताणलेलं नसावं.

समजा, छापलेल्या चित्रात ५० मीटरची रेघ २५ मिलिमीटर भरली. म्हणजे १ मिलिमीटरला २ मीटर. शेत चौकोनी, पण वेडंवाकडं. अशा वेळी बाजू मोजून उपयोग नाही, कारण त्याच चार बाजूंचे निरनिराळ्या क्षेत्रफळांचे चौकोन होऊ शकतात. म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे जोडून कर्ण काढायचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्यावर लंब टाकायचे. कर्ण ७२ मिलिमीटर, म्हणजे १४४ मीटर. लंब ३१ आणि २४ मिलिमीटर, म्हणजे ६२ आणि ४८ मीटर. दोन्ही त्रिकोण मिळून १४४ × (६२ + ४८) ÷ २ = ७९२० चौरस मीटर.

एका बाजूला ओढा आहे आणि तिथला बांध कमानीसारखा बाहेर गेलाय. त्या बाजूची सरळ लांबी ८० मीटर, फुगवटा मध्यभागी १२ मीटर. अशा सपाट कमानीचं क्षेत्रफळ साधारण लांबी गुणिले उंचीच्या दोन तृतीयांश असतं: ६४० चौरस मीटर. एकूण ८५६०. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. तेव्हा शेत ८४.६ गुंठे, म्हणजे दोन एकर साडेचार गुंठ्यांच्या आसपास.

सगळ्यात जपायचं ते त्या रेघेचं माप. ती २५ ऐवजी २४ मिलिमीटर मोजली गेली, तर प्रत्येक लांबी सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. क्षेत्रफळात लांबी दोनदा गुणली जाते, म्हणून तिथे वाढ साडेआठ टक्के, म्हणजे सात गुंठे! त्यामुळे चित्र मोठं छापून रेघ मोजावी. शेतातला एखादा सरळ बांध टेपने मोजून चित्राशी ताडला तर फारच उत्तम.

कर्ण-लंबातली चूक पकडायला दुसरा कर्ण काढून चौकोनाचा हिशेब पुन्हा करावा. दोन उत्तरांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर बहुधा लंब काटकोनात नाही. रेघेची चूक मात्र यात सापडत नाही, ती दोन्ही उत्तरांत सारखीच शिरते.

बांधावर बाभळी असतील तर खरी कड फांद्यांखाली झाकली जाते. या शेताचा घेर साधारण ३७० मीटर आहे. कड सगळीकडे एक मीटर आत धरली तर साडेतीन गुंठे गेले. शिवाय चित्रात दिसतो तो आजचा बांध, कागदावरची हद्द नव्हे. बियाणं, ठिबकच्या नळ्या, फवारणी यांच्या अंदाजाला हे माप चालतं. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.